भिंतीवरची भेग आणि तिच्याबद्दलचे मत

विटांच्या भिंतीला तडे गेले की घरमालक किंवा सोसायटी अभियंत्याला बोलावते. अभियंता पाहणी करतो आणि काही दिवसांनी अहवाल देतो. त्या अहवालात बरेचदा अशा प्रकारचे वाक्य असते : ‘काळ्या मातीत पाया खचल्यामुळे पहिल्या मजल्यावर गंभीर स्ट्रक्चरल भेगा पडल्या आहेत, पाया मजबूत करावा.’ वाचणाऱ्याला हे वाक्य पाहणीचा निष्कर्ष वाटते, पण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट त्यात एकच आहे. पहिल्या मजल्यावर भेगा आहेत, एवढीच. पाया खचला हे अनुमान आहे, काळ्या मातीशी त्याचा संबंध जोडणे हे आणखी एक अनुमान आहे, ‘गंभीर’ आणि ‘स्ट्रक्चरल’ हे निवाडे आहेत आणि शेवटी आहे ती शिफारस. पाचही गोष्टी एकाच दमात सांगितल्यामुळे त्यांतली कोणती चुकीची असू शकते, हे अहवालावरून ठरवताच येत नाही.

निरीक्षण कशाला म्हणायचे, याची एक कामचलाऊ कसोटी आहे. दुसरा जाणकार माणूस त्याच दिवशी, तीच साधने घेऊन, त्याच जागी उभा राहिला तर त्यालाही जे दिसेल आणि मोजता येईल, ते निरीक्षण. त्या दिसण्यापासून ‘का झाले’, ‘किती धोक्याचे आहे’, ‘पुढे काय होईल’ याकडे जाताना ज्ञान, अनुभव आणि गृहीतके वापरावी लागतात, ते मत. मत हे काही कमी दर्जाचे नसते. अभियंत्याला पैसे मतासाठीच मिळतात. मात्र मत तपासता यावे यासाठी त्याच्या खालची निरीक्षणे वेगळी आणि पूर्ण लिहिलेली असावी लागतात.

प्रत्यक्षात ही सीमा शब्दांच्या निवडीत हरवते. ‘खचल्याची भेग’, ‘आकुंचनाची भेग’ असे म्हटले की वर्णनाच्या आधीच कारण ठरून जाते. ‘जुनी भेग’ हेही मत आहे. त्यामागचे निरीक्षण असे असू शकते : भेगेच्या आत रंग उतरलेला आहे, कडा बोथट आणि काळवंडलेल्या आहेत, आत कोळ्याचे जाळे आहे. आत रंग सापडला म्हणजे शेवटच्या रंगकामाच्या वेळी भेग होती, हे अनुमान बरेच पक्के आहे. पण रंगकाम कधी झाले ते कळल्याशिवाय वय सांगता येत नाही. ‘भेग वाढत आहे’ हे वाक्य तर एका भेटीत लिहिताच येत नाही, कारण वाढ दिसायला निदान दोन मापे लागतात. ‘गिलावा सुटला आहे’ याऐवजी ‘इतक्या भागात ठोकल्यावर पोकळ आवाज येतो’ असे लिहिले तर ते निरीक्षण ठरते. ‘ओल आहे’ याऐवजी ‘जमिनीपासून ६०० मिमी उंचीपर्यंत पिवळसर डाग आणि पांढरी पूड’ असे लिहावे, कारण डाग जुना असून भिंत आज कोरडी असू शकते.

विशेषणांचा घोटाळा सर्वांत मोठा. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८४ सालच्या एसपी २५ या इमारतींतील भेगांवरच्या पुस्तिकेत १ मिमीपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, १ ते २ मिमीची मध्यम आणि २ मिमीहून जास्त रुंदीची रुंद मानली आहे. ब्रिटनमध्ये बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या डायजेस्ट २५१ मधली वर्गवारी वापरतात. तीत शून्यापासून पाचपर्यंत सहा वर्ग आहेत, आणि साधारण ५ मिमीपर्यंतची भेग दुसऱ्या, म्हणजे ‘किरकोळ’ वर्गात बसते. ३ मिमीची एकच भेग एका पुस्तिकेनुसार ‘रुंद’ आणि दुसरीनुसार ‘किरकोळ नुकसान’ ठरते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एसपी २५ फक्त रुंदीला नाव देते. ब्रिटिश वर्गवारी दुरुस्ती किती अवघड आहे यावरून नुकसान ठरवते, आणि भेगेची रुंदी ही त्यातली एकच खूण आहे असेही बजावते. म्हणून निरीक्षणात ‘३ मिमी’ लिहावे. ‘रुंद’ किंवा ‘किरकोळ’ हे शब्द मताच्या भागात, कोणत्या वर्गवारीनुसार ते सांगून, यावेत.

एका भेगेचे निरीक्षण पूर्ण केव्हा होते? जागा सर्वांत आधी : कोणता मजला, कोणती भिंत, आतून की बाहेरून, कोणत्या कोपऱ्यापासून किती अंतरावर. मग भेग कुठून कुठे जाते आणि कोणत्या दिशेला उतरते. लांबी. रुंदी एका ठिकाणची पुरत नाही; दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजावी लागते, कारण भेग कुठल्या टोकाला उघडत जाते यावर पुढचे अर्धे निदान अवलंबून असते. मापाच्या जागी भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, तर पुढचा माणूस नेमके तिथेच मोजू शकतो. भेग सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी गेली आहे की विटा फोडून सरळ, हे गिलावा काढल्याशिवाय कळत नाही. गिलावा काढला नसेल तर ‘गिलाव्यावर दिसणारी भेग’ एवढेच म्हणता येते, कारण ती फक्त गिलाव्याचीही असू शकते. भेगेच्या दोन्ही कडा एकाच पातळीत आहेत की एक बाजू पुढे किंवा खाली सरकली आहे, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला तीच भेग दिसते का, हेही नोंदवावे. शिवाय तारीख, वेळ आणि हवामान. मे महिन्यातल्या दुपारचे माप आणि ऑगस्टमधल्या सकाळचे माप सारखे असेलच असे नाही.

यासाठी लागणारी साधने साधी आहेत : वेगवेगळ्या जाडीच्या रेषा छापलेली पारदर्शक पट्टी, टेप, ओळंबा, ट्यूब लेव्हल, बॅटरी आणि लहान हातोडी. अशी पट्टी भेगेवर धरून डोळ्याने जुळवायची असते, म्हणून तिच्यावरून ‘१.३७ मिमी’ असे माप लिहिणे खोटी अचूकता दाखवण्यासारखे आहे. फोटोही काढावेत, पण प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी आणि भिंतीचा दुरून घेतलेला एक फोटो सोबत हवा. जवळून काढलेल्या फोटोत केसाएवढी भेगही भगदाडासारखी दिसते. फोटोखालच्या ओळीत ‘पाया खचल्याने पडलेली भेग’ असे छापले, तर निरीक्षणाच्या पानावर मत मागच्या दाराने शिरते.

निरीक्षण आणि मत यांच्या बाजूला आणखी दोन गोष्टींना जागा द्यावी लागते. एक म्हणजे सांगीव माहिती. ‘भेग गेल्या पावसाळ्यानंतर दिसली’, ‘शेजाऱ्याने बोअर मारली तेव्हापासून आहे’ हे मालक सांगतो, अभियंत्याने ते पाहिलेले नसते. ही माहिती मोलाची असते, पण ती ‘मालकाने सांगितले’ असे म्हणूनच नोंदवली पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे न पाहिलेल्या जागा. ‘तळमजल्यावर भेग नाही’ आणि ‘तळमजल्यावर दिसणाऱ्या भागात भेग आढळली नाही, पश्चिमेच्या भिंतीचा १.८ मीटर भाग कपाटामागे असल्याने पाहता आला नाही’ या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे. कारण बरेचदा जे आढळले नाही, त्याच्याच जोरावर मत उभे राहते.

सुरुवातीच्या वाक्यातल्या घराचे उदाहरण आता घेता येईल. घर कल्पित आहे, पण दख्खनच्या पठारावर अशी घरे जागोजागी आहेत : तळमजला आणि वर एक मजला, नऊ इंची विटांच्या भारवाही भिंती, वर सपाट आरसीसी स्लॅब, पूर्व-पश्चिम लांबी १२ मीटर, रुंदी ८ मीटर. आजूबाजूला काळी जमीन. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. तिच्यावर उथळ पाया असला की घरांना तडे जातात, हे त्या भागातला प्रत्येक गवंडी जाणतो. नेमक्या याच माहितीमुळे अंगणातली काळी माती दिसताच पाहणाऱ्याचे मत तयार होते आणि पुढचे डोळे त्याच्याच पुराव्यासाठी शोध घेऊ लागतात. अंगणात काळी माती आहे, हे निरीक्षण आहे. पण पाया त्या मातीत थांबला आहे की खालच्या मुरमापर्यंत गेला आहे, हे खड्डा खणल्याशिवाय कोणालाही माहीत नसते.

एप्रिलच्या अखेरीस, दुपारी तीन वाजता, त्याच घराची निरीक्षणे क्रमांक देऊन अशी लिहिता येतील :

नि-१. पहिला मजला, उत्तरेची लांब भिंत, पश्चिम टोक, आतून. स्लॅबच्या खालून सुरू होऊन पश्चिमेच्या कोपऱ्याकडे तिरकी उतरणारी भेग. लांबी ९०० मिमी. रुंदी वरच्या टोकाला १.४ मिमी, मध्ये ०.८, खाली ०.३. गिलावा २०० मिमी रुंदीच्या पट्ट्यात काढून पाहिले : भेग सांध्यांतून पायऱ्यांसारखी गेलेली, एका ठिकाणी वीट फुटलेली. बाहेरूनही दिसते.

नि-२. त्याच भिंतीच्या पूर्व टोकाला, पूर्वेच्या कोपऱ्याकडे उतरणारी तशीच भेग. लांबी ७०० मिमी, वरच्या टोकाला १.१ मिमी.

नि-३. पहिला मजला, पश्चिमेची भिंत. स्लॅब आणि वीटकाम यांच्या सांध्यात आडवी भेग. लांबी ३.४ मीटर, जास्तीत जास्त रुंदी ०.६ मिमी.

नि-४. तळमजला : दिसणाऱ्या भागात तिरकी भेग आढळली नाही. कपाटामागचा १.८ मीटर भाग पाहिलेला नाही.

नि-५. जोत्याच्या वरच्या थराची पातळी ट्यूब लेव्हलने सहा ठिकाणी घेतली. सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या बिंदूंत ४ मिमी फरक.

नि-६. गच्चीवर उष्णतारोधक थर नाही. सिमेंटचा गडद राखाडी पृष्ठभाग उघडा आहे.

नि-७. तळमजला, न्हाणीघराजवळ जोत्यापासून वर जाणारी ०.२ मिमीची उभी भेग, लांबी ३०० मिमी. जवळच सांडपाण्याचा पाइप.

या यादीत ‘कारण’ हा शब्द कुठेही नाही, आणि तरीही वाचणाऱ्या दुसऱ्या अभियंत्याला घर न पाहता बरेच काही कळते. घराचे एक टोक खाली बसले, तर त्या टोकाजवळची तिरकी भेग साधारणपणे कोपऱ्याच्या दिशेने वर चढत जाते, आणि पाया हललेला असल्याने तळमजलाही सहसा सुटत नाही. इथे उलट आहे. भेगा कोपऱ्याकडे उतरतात, दोन्ही टोकांना आरशातल्यासारख्या समोरासमोर आहेत, स्लॅबजवळ रुंद असून खाली मिटत जातात आणि तळमजल्यावर त्या दिसलेल्या नाहीत. स्लॅब तापून दोन्ही टोकांना बाहेर सरकू लागली आणि भिंतीचा माथा तिने सोबत ओढला, की भेगा अशाच पडतात. आडव्या भिंतीवर स्लॅबखाली पडलेली नि-३ ची भेगही याच कथेत बसते.

भिंतीचा मधला भाग खाली बसला तरीही भेगा टोकांकडे उतरतात, आणि ही शक्यता अहवालाने झाकू नये. पण तेव्हा भेगा सामान्यतः खालून सुरू होतात आणि खालीच जास्त उघडतात. मत मांडताना दुसरे कारण का बाजूला ठेवले हे लिहिले, तरच वाचणाऱ्याला त्या मताची ताकद कळते.

गणित हेही मताच्या भागातच यायला हवे, कारण त्यातले आकडे मोजलेले नसून गृहीत धरलेले असतात. काँक्रीट एक अंश सेल्सिअस तापले की आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे दहा भागांनी वाढते. सांधकाम झाले त्या वेळच्या तुलनेत स्लॅब २५ अंशांनी तापली असे धरले, तर १२ मीटर लांबीची मोकळी स्लॅब सुमारे ३ मिमी वाढेल. वाढ मध्यापासून दोन्हीकडे सारखी झाली तर प्रत्येक टोकाला दीड मिमी. भिंत स्लॅबला अडवते आणि स्वतःही थोडी तापते, म्हणून खरी हालचाल याहून वेगळी असेल. पण मोजलेली १.४ आणि १.१ मिमी ही रुंदी त्याच आवाक्यात आहे. गणिताने कारण सिद्ध होत नाही. ते कारण अशक्य नाही, इतकेच त्यातून कळते.

मताचा परिच्छेद मग असा होईल : ‘नि-१, नि-२, नि-३ आणि नि-६ यांवरून पहिल्या मजल्यावरील भेगांचे सर्वांत संभवनीय कारण गच्चीच्या स्लॅबची तापमानामुळे होणारी हालचाल हे आहे. नि-४ आणि नि-५ पाया हलल्याकडे बोट दाखवत नाहीत. मात्र तळमजल्याचा काही भाग पाहिलेला नाही आणि पायाची खोली माहीत नाही. नि-७ चे स्पष्टीकरण या कारणाने होत नाही. पाइपमधून गळती होऊन तिथली माती ओली होत असण्याची शक्यता तपासावी.’ पातळीतल्या ४ मिमी फरकाबद्दल ‘पाया हललेला नाही’ असे छातीठोक म्हणण्याचा मोह टाळला आहे, हे महत्त्वाचे. जोते बांधतानाच ४ मिमी कमी-जास्त झालेले असू शकते. मूळची पातळी कोणी नोंदलेली नसल्याने हा आकडा एका बाजूची पक्की साक्ष देऊ शकत नाही.

अशा परिच्छेदात नि-७ सारखी न जुळणारी नोंद सर्वांत आधी गळते. लिहिणारा कपटी असतो म्हणून असे होत नाही. एकदा कारण सापडले की बाकीचे क्षुल्लक वाटू लागते. निरीक्षणे आधी क्रमांक देऊन लिहिली असतील आणि प्रत्येक क्रमांकाचे पुढे काय झाले हे मताच्या भागात सांगायचे बंधन असेल, तर ती गळती थांबते. कोणतेही निरीक्षण नसलेले मत आणि कोणत्याही मताने न वापरलेले निरीक्षण, दोन्ही मग कागदावर उघडी पडतात.

मताची खात्री किती, हेही शब्दांत ठरावीक अर्थाने सांगावे लागते. ‘सर्वांत संभवनीय’, ‘शक्य आहे’, ‘सध्याच्या पाहणीवरून सांगता येत नाही’ या तीन पायऱ्या बहुतेक घरांच्या अहवालाला पुरतात. तिसरी लिहायला लाज वाटण्याचे कारण नाही. तिच्या पुढे कोणत्या तपासणीने सांगता येईल, हे मात्र आले पाहिजे. या घरात ती तपासणी अशी : भेगेच्या दोन्ही बाजूंना भिंतीत छोट्या धातूच्या खुंट्या बसवून त्यांच्यातले अंतर व्हर्नियर कॅलिपरने पहाटे आणि दुपारी मोजणे, तेच महिन्यातून एकदा वर्षभर करणे आणि प्रत्येक वेळी स्लॅबचे तापमान नोंदणे. अंतर दिवसाच्या उन्हाबरोबर कमी-जास्त झाले तर स्लॅबचे मत बळकट होते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतरच्या मापांत मोठा फरक पडला आणि दिवसभरात काहीच हालले नाही, तर मातीकडे पुन्हा पाहावे लागेल. भेगेवर काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धत स्वस्त आहे, पण काच फुटली म्हणजे हालचाल झाली एवढेच कळते. किती आणि कोणत्या दिशेने, ते नाही. पायाची शंका फिटावी म्हणून पश्चिमेच्या कोपऱ्याजवळ एक चाचणी खड्डा पुरेल.

शिफारशी त्यानंतर येतात. आधी गच्चीवर उष्णतारोधक थर आणि पांढरा लेप, न्हाणीघराच्या पाइपची चाचणी, आणि वर्षभराची मापे येईपर्यंत भेगा सिमेंटने घट्ट भरू नयेत. हालचाल चालू असेल तर घट्ट भरलेली भेग शेजारी दुसरी वाट काढते. पाया मजबूत करण्याचे काम या निरीक्षणांवर सुचवता येत नाही. ते काम महाग आहेच, शिवाय काळ्या मातीत भिंतीलगत लांब चर खणून उघडे ठेवले तर मातीतला ओलावा बदलतो, आणि जी हालचाल नव्हती ती सुरू होऊ शकते.

महाराष्ट्रात या वेगळेपणाला कायदेशीर वजनही आहे. मुंबईत जुन्या इमारती सी-१, सी-२ए अशा वर्गांत बसवल्या जातात. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत. मालकाचा आणि भाडेकरूंचा असे दोन परस्परविरोधी अहवाल आले, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. दोन अहवालांत फक्त निष्कर्ष असतील तर समितीला त्यांची तुलना कशी करणार? दोन्हींत त्याच भेगेचे माप, जागा आणि तारीख असेल, तर मतभेद मापात आहे की अर्थात, हे लगेच कळते. न्यायालयातही तज्ज्ञाचे मत ग्राह्य असते आणि त्या मतामागची कारणेही विचारात घेतली जातात. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ४५ आणि ५१ या कलमांत तशी तरतूद होती, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. उलटतपासणीत ‘पाया खचला हे तुम्ही पाहिले का?’ हा प्रश्न पहिल्याच पाच मिनिटांत येतो.

दुसऱ्या भेटीनंतरच्या अहवालात जुनी निरीक्षणे बदलायची नसतात. एप्रिलमध्ये १.४ मिमी होती ती तशीच राहते, आणि तिच्याखाली ऑक्टोबरचे माप नव्या तारखेने येते. बदलते ते मत. जुने मत पुसून टाकायचे नसते. कोणत्या मापामुळे ते बदलले किंवा टिकले, हे त्याच्याखाली लिहायचे असते. खड्ड्यात पाया दीड मीटरवर मुरमात टेकलेला दिसला, तर ती नोंद नि-८ होते आणि मातीची शक्यता मागे पडते. तो काळ्या मातीतच थांबलेला दिसला, तर नि-८ अगदी वेगळी असते आणि गच्चीचे मत पहिल्या मजल्यापुरते ठेवून तळमजल्याची पाहणी, कपाट हलवून, पुन्हा करावी लागते.